चाळीस मोटरी, तीन बिलं आणि मालकीचं कलम

कंपनीला कुलूप लागलं की पुरवठादार पहिल्यांदा विचारतो, ‘आमचे पैसे कधी मिळणार?’ आमचा पहिला प्रश्न वेगळा असतो: तुमचा माल आत्ता कुठं आहे, आणि तो तुमचाच आहे हे कशावरून ओळखायचं? बेळगावात उद्यमबाग, मच्छे, ऑटोनगर या पट्ट्यात कास्टिंग, हायड्रॉलिक आणि मशीनिंगचा बराचसा धंदा उधारीवर चालतो. साठ दिवस म्हणायचं आणि नव्वद दिवसांनी घ्यायचं, ही इथली रीत. अशा उधारीत ‘पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालाची मालकी विक्रेत्याकडेच’ या एका वाक्याचा उपयोग किती होतो आणि कुठं संपतो, हे एका फायलीवरून सांगतो. नावं गाळली आहेत आणि हिशेब समजायला सोपा जावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

पुरवठादार इलेक्ट्रिक मोटरींचा डीलर होता. खरेदीदार हायड्रॉलिक पॉवर पॅक बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. दहा एचपीच्या चाळीस मोटरी तीन बिलांत गेल्या: पहिल्यात पंधरा, दुसऱ्यात पंधरा, तिसऱ्यात दहा. एका मोटरची किंमत 26,000 आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 30,680 रुपये. एकूण 12,27,200. त्यातले पाच लाख आरटीजीएसने आले, कुठल्या बिलापोटी ते न लिहिता. बाकी राहिली 7,27,200. मग थकलेल्या कर्जापोटी बँकेनं कंपनीला बेंगळुरूच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत नेलं आणि अर्ज दाखल करून घेतला गेला. डीलरला स्वतःला असा अर्ज करता आला नसता, कारण त्यासाठी थकबाकी किमान एक कोटीची लागते. पण दुसऱ्याच्या अर्जावर प्रक्रिया सुरू झाली की लहानातल्या लहान पुरवठादारालाही दावा लावता येतो.

आधी कागद पाहिले. पैसे राहिले म्हणून मालकीही आपलीच राहिली, असा बऱ्याच व्यापाऱ्यांचा समज असतो. कायदा तसं म्हणत नाही. माल विक्री कायदा, 1930 नुसार मालकी कधी जाणार हे दोघांनी काय ठरवलं त्यावर असतं, आणि काहीच ठरवलं नसेल तर माल बाजूला काढून गाडीत चढवला की साधारणपणे मालकीही गेली. उधारी आहे म्हणून ती थांबत नाही. थांबवायची असेल तर कलम 25 वापरायचं. त्यात विक्रेत्याला अट घालता येते, आणि ती अट पुरी होईपर्यंत माल खरेदीदाराच्या ताब्यात दिला तरी मालकी जात नाही.

अट कुठल्या कागदावर आहे, यावर निम्मी लढाई ठरते. या डीलरच्या बिलामागं बारीक अक्षरांत ते वाक्य छापलेलं होतं. पण बिल मालाबरोबर जातं आणि सौदा त्याआधी पीओवर, म्हणजे खरेदीदाराच्या लेखी ऑर्डरवर पक्का झालेला असतो. नंतर आलेल्या कागदावरची अट मी मान्य केलीच नव्हती, असं खरेदीदार म्हणू शकतो, आणि कंपनीचा कारभार हाती घेतलेला माणूस तर म्हणतोच. पुष्कळ कंपन्यांच्या पीओवर उलट अट छापलेली असते: माल गेटवर उतरला की मालकी आमची. ती वाचून तुम्ही माल पाठवलात तर तीच मान्य केलीत असं धरलं जातं. इथं पीओ त्या बाबतीत गप्प होता आणि डीलरकडं आणखी एक कागद निघाला. उधारीचं खातं उघडताना घेतलेलं पत्र, त्यावर कंपनीच्या संचालकाची सही आणि शिक्का, आणि त्यात वाक्य: ‘प्रत्येक बिलाची पूर्ण रक्कम जमा होईपर्यंत त्या बिलातील मालाची मालकी विक्रेत्याकडे राहील.’ तारीख पहिल्या पीओच्या आधीची. पुढचं सगळं या एका पानावर उभं राहिलं.

या टप्प्यावर एक हरकत जवळपास दर फायलीत येते, ती इथंही आली. तुम्ही टॅक्स इन्व्हॉइस काढलं, जीएसटी भरला, कंपनीनं क्रेडिट घेतलं, मग विक्री पुरी झाली नाही असं कसं म्हणता? त्याचं उत्तर जीएसटी कायद्यातच आहे. सीजीएसटी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय की पूर्ण मोबदला मिळाल्यावर पुढं कधीतरी मालकी जाईल असा करार असला तरी तो मालाचा पुरवठाच धरायचा. म्हणजे कर लगेच लागतो, मालकी मात्र नंतर जाऊ शकते. टॅक्स इन्व्हॉइस हा मालकी गेल्याचा पुरावा नव्हे, एवढं त्यावरून दाखवता येतं.

आता सगळ्यात नाजूक भाग. बँकेचा अर्ज दाखल करून घेतल्याची बातमी उद्यमबागेत चहाच्या गाड्यावर पसरली त्याच संध्याकाळी डीलरनं टेम्पो ठरवला होता. माल माझा, मी उचलून आणतो. तो टेम्पो आधी थांबवला. नादारी आणि दिवाळखोरी संहितेच्या, म्हणजे आयबीसीच्या कलम 14 मध्ये अर्ज दाखल करून घेतल्याच्या दिवसापासून स्थगिती सुरू होते, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की कंपनीच्या ताब्यात असलेली वस्तू तिच्या मालकालाही परत घेता येणार नाही. मालकालाही, हा शब्द नीट वाचावा. मालकी तुमची असली तरी ताबा तेवढा काळ हलवायचा नाही. जाणूनबुजून मोडलं तर कलम 74 खाली एक ते पाच वर्षं कैद किंवा एक लाखापासून एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गोदामाचा वॉचमन ओळखीचा आहे, तो गेट उघडेल, या भरवशावर त्यात पडू नये.

आधी उचलला असता तर? स्थगितीपूर्वी खरेदीदारानं राजीखुशीनं डेबिट नोट काढून माल परत दिला तर चालतं, पण त्यालाही मालकीचं कलम पक्कं लागतं. मालकी कंपनीकडं गेलेली असताना अर्जाआधीच्या वर्षभरात एकाच पुरवठादाराला माल परत दिला, तर त्याला झुकतं माप दिलं म्हणून तो व्यवहार कलम 43 खाली रद्द करता येतो. मालकी मुळात तुमचीच होती हे सिद्ध झालं तर कंपनीची मालमत्ता बाहेर गेलेलीच नाही, आणि त्या हरकतीचा पायाच उरत नाही.

दाव्याची मुदत जाहीर नोटिशीत असते. कंपनीचा कारभार हाती घेणारा हंगामी रिझोल्यूशन प्रोफेशनल, म्हणजे आयआरपी, नेमल्यावर तीन दिवसांत ती नोटीस एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेच्या वर्तमानपत्रात द्यावी लागते. कंपनीचं कार्यालय बेळगावात असलं की प्रादेशिक म्हणजे बहुतेक वेळा कन्नड पेपर. इथले पुष्कळ मराठी व्यापारी रोज मराठीच पेपर वाचतात आणि ती नोटीस त्यांच्या नजरेतून सुटते. आम्ही ibbi.gov.in वर पाहतो, तिथं प्रत्येक जाहीर घोषणा चढते. नोटिशीत आयआरपीच्या नेमणुकीपासून चौदा दिवसांची तारीख असते. नंतरही दावा घेतात, पण मालकीच्या बाबतीत उशीर परवडत नाही. कागद चुकला तर दुरुस्त होईल, मोटर विकली गेली तर परत येणार नाही.

पुरवठादाराचा दावा फॉर्म बीमध्ये जातो. त्यात एक रकाना खास याच गोष्टीसाठी आहे: दाव्यातल्या मालाबाबत मालकी राखून ठेवण्याची काही व्यवस्था असेल तर तिचा तपशील. बरेच जण तिथं ‘लागू नाही’ लिहून मोकळे होतात, कारण फॉर्म भरणाऱ्याला तो प्रश्नच कळलेला नसतो. असं लिहिलं की पुढं मालकी सांगताना तुमचाच फॉर्म तुमच्यासमोर धरला जातो. आम्ही पूर्ण 7,27,200 चा दावा लावला, त्या रकान्यात पत्राची तारीख आणि वाक्य जसंच्या तसं उतरवलं, आणि खाली लिहिलं की परत मिळालेल्या मालाची किंमत दाव्यातून वजा होईल. मालही आणि पूर्ण पैसेही, असं दोन्ही मागता येत नाही.

त्याच दिवशी आयआरपीला वेगळं पत्र दिलं. कलम 18 त्याला कंपनीच्या मालकीच्या वस्तू ताब्यात घ्यायला सांगतं, आणि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात करारानं कंपनीकडं असलेली तिऱ्हाइताची वस्तू कंपनीची धरायची नाही असं आहे. त्या आधारावर तीन गोष्टी मागितल्या: दोघांच्या समोर मोजणी, मोटरी बाजूला काढून ठेवणं, आणि आमच्या लेखी संमतीशिवाय त्या वापरायच्या किंवा विकायच्या नाहीत.

मोजणीला एक अख्खा दिवस गेला. बिलांवर मोटरींचे सीरियल नंबर नव्हते, फक्त ‘दहा एचपी, नग 15’ एवढंच. इथंच पुष्कळ फायली मरतात, कारण त्याच बनावटीच्या मोटरी कंपनी दुसऱ्या डीलरकडूनही घेत असते. या डीलरकडं मात्र वॉरंटीची वही होती. दुकानातल्या पोरानं प्रत्येक मोटर बाहेर जाताना पाटीवरचा नंबर आणि बिल नंबर त्यात हातानं लिहिलेला. ती वही घेऊन शेडमध्ये गेलो. खोक्यातल्या मोटरी सोप्या होत्या, खोका उघडला की पाटी समोर. फ्रेमवर बसवलेल्यांचं तसं नव्हतं. तयार होत आलेल्या पॅकवर करड्या रंगाचा फवारा मारलेला, त्यात पाटीही रंगून गेलेली. थिनरमध्ये बुडवलेलं फडकं दोन मिनिटं दाबून धरलं, वरचा रंग सुटला आणि खालचे ठोकलेले आकडे दिसले. प्रत्येक पाटीचा फोटो काढला, वहीचं पान शेजारी धरून. आयआरपीच्या माणसानं आणि डीलरनं यादीवर सह्या केल्या.

चाळीसपैकी अकरा खोक्यात निघाल्या, नऊ फ्रेमवर, आणि वीस पॅकबरोबर विकून गेलेल्या.

आता पाच लाखांचा प्रश्न आला. पत्रातली अट प्रत्येक बिलापुरती होती, म्हणून कुठलं बिल फिटलं हे ठरवल्याशिवाय कुठली मोटर कुणाची ते ठरत नाही. पैसे देताना देणाऱ्यानं बिल सांगितलं तर तेच धरायचं, त्यानं नाही सांगितलं तर घेणारा लावू शकतो, आणि दोघंही गप्प राहिले तर जुनं देणं आधी फिटतं. करार कायद्याची कलमं 59 ते 61 हेच सांगतात. डीलरच्या टॅलीत ते पाच लाख ‘ऑन अकाउंट’ म्हणून तसेच पडले होते, कुठल्याच बिलाला न लावता. म्हणून पहिलं बिल 4,60,200 पूर्ण फिटलं आणि उरलेले 39,800 दुसऱ्यात गेले.

पहिल्या बिलातल्या पाच मोटरी अजून शेडमध्ये होत्या, दोन खोक्यात आणि तीन फ्रेमवर. त्या कंपनीच्या झाल्या. डीलरला याचं फार वाईट वाटलं, कारण खात्यावर सव्वासात लाख येणं दिसत असताना समोरच्या मोटरीवर हक्क नाही हे पटायला जड जातं. पण अट बिलापुरती होती आणि ते बिल फिटलेलं होतं. दुसऱ्या बिलाचे 39,800 मिळाले असले तरी ‘पूर्ण रक्कम’ मिळालेली नव्हती, म्हणून त्यातल्या सगळ्या मोटरी डीलरच्याच. शेडमध्ये दुसऱ्या बिलाच्या आठ आणि तिसऱ्याच्या सात होत्या, मिळून पंधरा: खोक्यात नऊ, फ्रेमवर सहा.

अट ‘खात्यावरची सर्व येणी फिटेपर्यंत’ अशी असती तर त्या पाचही वाचल्या असत्या. तशी अट चालते का? पोलादाच्या पट्ट्यांच्या एका खटल्यात ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं 1990 साली ती उचलून धरली. आपल्याकडं तो निकाल बंधनकारक नाही, पण आपला 1930 चा कायदा त्यांच्याच कायद्याच्या धर्तीवर बेतलेला असल्यानं कोर्ट असे निकाल विचारात घेतं.

फ्रेमवरच्या सहा मोटरींवर बँकेनं वाद घातला. बँकेचं तारण कंपनीच्या सगळ्या स्टॉकवर होतं आणि दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये कंपनीनं या मोटरी स्वतःच्या म्हणून दाखवलेल्या. पण कंपनीनं कागदावर काही दाखवलं म्हणून दुसऱ्याची वस्तू तिची होत नाही, आणि जे आपलं नाही ते तारण देता येत नाही. दुसरी हरकत जास्त वजनाची होती: मोटर आता पॉवर पॅकचा भाग झाली, वेगळी वस्तू राहिलीच नाही. तिथं फ्रेमपाशी उभं राहूनच उत्तर दिलं. चार फाउंडेशन बोल्ट, एक कपलिंग, टर्मिनल बॉक्समधल्या वायरी. वीस मिनिटांत मोटर जशी आली तशी सुटते, ना तिला इजा, ना पॅकला. इंग्लंडात 1983 साली डिझेल इंजिनांचा असाच खटला झाला होता. इंजिनं जनरेटर सेटवर बसवलेली, प्रत्येकावर सीरियल नंबर, बोल्ट काढले की सुटणारी. तिथं इंजिनाची मालकी पुरवठादाराकडंच राहिली. नुसतं जोडल्यानं मालकी बुडत नाही, वस्तूची ओळखच मिटली तर बुडते.

हा फरक बेळगावात जितका सोसावा लागतो तितका क्वचितच कुठं. त्याच कंपनीला कास्टिंग देणाऱ्या फाउंड्रीकडं पिग आयर्नच्या एका व्यापाऱ्याचे पैसे अडकले होते, त्याचंही असंच कलम होतं. पण पिग आयर्न भट्टीत गेलं की स्क्रॅप आणि फेरो सिलिकॉनबरोबर वितळून एक होतं. त्यातलं कुठलं लोखंड कुणाचं, हे कोण सांगणार? चिपबोर्डात मिसळलेल्या रेझिनच्या खटल्यात इंग्लंडच्या अपील कोर्टानं हेच म्हटलं: मिसळलं तिथं रेझिन संपलं आणि मालकीही संपली. यार्डात पडलेल्या ढिगावरही हक्क सांगता येईना, कारण दोन व्यापाऱ्यांचा माल एकाच ढिगात टाकलेला. त्या व्यापाऱ्याला कलमाचा एका रुपयाचाही उपयोग झाला नाही. शहापूर-वडगावच्या मागवाल्यांना सूत देणाऱ्यांचं चित्र मधलं आहे. न उघडलेले कोन, त्यावर लॉट नंबरचं लेबल, तेवढ्यावर हक्क टिकतो. सुताच्या एका खटल्यात इंग्लंडच्याच अपील कोर्टानं न वापरलेल्या सुतावरची मालकी मान्यही केलेली आहे. साडी विणली की गेली.

यावर उपाय म्हणून काही वकील कलम ताणतात: आमच्या मालापासून जे बनेल तेही आमचं, विकून येतील ते पैसेही आमचे. आम्ही हे लिहायला सांगत नाही. बनलेल्या वस्तूत खरेदीदाराची मजुरी, वीज, दुसऱ्यांचा माल असतो. तिच्यावर हक्क सांगितला की कोर्ट त्याकडं मालकी म्हणून न पाहता कर्जापोटीचं तारण म्हणून पाहतं. कंपनीनं दिलेलं तारण तीस दिवसांत कंपनी रजिस्ट्रारकडं नोंदवावं लागतं, आणि नोंदणी नसेल तर कंपनी कायद्याच्या कलम 77 प्रमाणे लिक्विडेटर ते विचारातच घेत नाही. उधारीवर चार मोटरी देणारा कुठला डीलर चार्जची नोंदणी करतो? जास्त मागायला जाऊन साध्या मालकीच्या कलमावरही शंका ओढवून घेण्यात अर्थ नाही.

विकून गेलेल्या वीस मोटरींवर काहीच चालत नाही. ज्यानं प्रामाणिकपणे, विक्रेत्याच्या हक्काची माहिती नसताना पॅक विकत घेतला त्याला माल विक्री कायद्याच्या कलम 30 चं संरक्षण आहे. पैसे कॅश क्रेडिट खात्यात जाऊन बँकेच्या बाकीत विरून गेलेले. त्यातली जेवढी रक्कम येणं होती ती साध्या पुरवठादाराच्या रांगेत गेली, आणि ती रांग बँक, कामगार यांच्या मागं असते.

मोजणी झाली तरी मोटरी लगेच हातात आल्या नाहीत. स्थगितीत परत देता येत नाही, यावर रिझोल्यूशन प्रोफेशनल ठाम होता, आणि कायद्यानं त्याचं चूक नव्हतं. पण त्याला कंपनी चालू ठेवायची होती आणि फ्रेमवरचे ते सहा पॅक पुरे करून द्यायचे होते. इथं सहसा कुणी न वाचलेला एक नियम कामाला आला. प्रक्रियेच्या खर्चाची व्याख्या करणाऱ्या नियम 31 मध्ये म्हटलंय की मालकाला वस्तू परत घेण्यापासून रोखणाऱ्या स्थगितीमुळं ज्याच्या हक्काला बाधा आली, त्याला देणं लागणारी रक्कमही प्रक्रियेचा खर्च धरावी. आणि प्रक्रियेचा खर्च सगळ्यांच्या आधी मिळतो, बँकेच्याही. आम्ही लिहून दिलं की मोटर वापरायची तर बिलाच्या दरानं पैसे द्या आणि तो खर्च म्हणून दाखवा, नाहीतर बोल्ट काढून बाजूला ठेवा. न मानलं तर कलम 60(5) खाली एनसीएलटीत अर्ज करायची तयारी होती. धनकोंच्या समितीनं मान्य केलं. सहा मोटरींचे 1,84,080 रोख आले. मालकीचं कलम नसतं तर याच सहा मोटरींचं येणं त्या मागच्या रांगेत पडलं असतं.

उरलेल्या नऊ खोक्यांना वेळ लागला. कंपनीला घेणारा मिळाला नाही, लिक्विडेशनचा आदेश झाला, आणि कलम 14 ची स्थगिती तिथं संपली. आता प्रश्न कलम 36 चा. त्यात तिऱ्हाइताच्या मालकीची वस्तू लिक्विडेशनच्या मालमत्तेत घ्यायची नाही असं आहे, आणि उदाहरणं दिली आहेत: विश्वस्त म्हणून ठेवलेली, सांभाळायला दिलेली, आणि मालकी न देता फक्त वापर देणाऱ्या कराराखालची. लिक्विडेटर म्हणाला, तुमचा करार शेवटी मालकी देणाराच आहे, या यादीत बसत नाही. मुद्दा हलका नाही, मालकीच्या कलमाची सगळ्यात कच्ची जागा हीच आहे. आमचं म्हणणं असं की ‘यासह’ म्हणून दिलेली यादी उदाहरणाची असते, मूळ कसोटी मालकीची आहे, आणि त्याच कलमात कंपनीच्या मालकीच्या वस्तूच मालमत्तेत येतील असंही म्हटलंय. सह्यांची यादी, पाटीचे फोटो आणि संचालकाच्या सहीचं पत्र समोर असल्यानं त्यानं वाद वाढवला नाही आणि नऊ मोटरी दिल्या. कागद ढिले असते तर तोच मुद्दा बेंगळुरूला वर्षभर चालला असता.

मोटरी आल्या तेव्हा जानेवारी होता. मधला पावसाळा त्यांनी गळक्या पत्र्याखाली काढलेला, आणि बेळगावचा पाऊस काय असतो ते सांगायला नको. इन्सुलेशन तपासणाऱ्या पाचशे व्होल्टच्या मेगरवर दोन मोटरींचं वाइंडिंग एक मेगोहमच्याही खाली दाखवत होतं. त्या भट्टीत वाळवून, पुन्हा तपासून मगच स्टॉकला घेतल्या. शिवाय बिलं आदल्या आर्थिक वर्षातली होती. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट जीएसटीत दाखवायची शेवटची मुदत त्या वर्षानंतरच्या 30 नोव्हेंबरची असते, ती उलटून गेली होती. म्हणून मोटरमागं 4,680 प्रमाणे नऊ मोटरींचा 42,120 कर परत जुळवता आला नाही. क्रेडिट नोट नुसत्या किमतीची, 2,34,000 ची काढली आणि दावा 3,09,120 वर आणला.

डीलरनं त्यानंतर उधारीचं पत्र बदललं. ‘त्या बिलाची’ ऐवजी ‘खात्यावरची सर्व येणी’ आलं, सीरियल नंबर चलनावर येऊ लागले, आणि एक ओळ वाढली जी आधी नसल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं: माल गेटमधून आत गेला की जोखीम खरेदीदाराची. ही ओळ नसेल तर कलम 26 प्रमाणे मालकी ज्याची, नुकसानही त्याचंच. ऑगस्ट 2019 च्या पुरासारखं पाणी गोदामात शिरलं तर पैसे न मिळालेला माल विक्रेत्याचा म्हणून बुडतो, आणि खरेदीदार बिल द्यायला नाकारू शकतो.

खातं उघडताना आणखी एक गोष्ट विचारतो: समोरची पार्टी कंपनी आहे की प्रोप्रायटर? वर सांगितलेलं आयबीसीचं सगळं कंपनीला आणि एलएलपीला लागू आहे. धंदा एकट्याच्या नावावर असला तर प्रकरण जिल्हा न्यायालयात, 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जातं, आणि त्याच्या कलम 28 मध्ये एक जुनी तरतूद आहे जी मालकीच्या कलमावर सरळ पाणी फिरवते. खऱ्या मालकाच्या संमतीनं माल नादाराच्या धंद्यात अशा तऱ्हेनं पडलेला असेल की बघणाऱ्याला तो त्याचाच वाटावा, तर तो त्याचाच धरायचा. सहीचं पत्र कपाटात असून तिथं भागत नाही. माल बघणाऱ्याला तो दुसऱ्याचा आहे हे दिसलं पाहिजे. म्हणून अशा पार्टीकडं जाणाऱ्या प्रत्येक खोक्यावर डीलर आता कन्नड, मराठी आणि इंग्रजीत छापलेलं लेबल लावतो, दुकानाचं नाव आणि ‘पैसे मिळेपर्यंत मालकी आमची’ एवढंच, आणि मोटरच्या टर्मिनल बॉक्सच्या झाकणावर त्याच मजकुराची छोटी पत्र्याची पाटी रिव्हेट मारून बसवतो, रंगाचा फवारा मारला तरी अक्षरं उठून दिसतील अशी खोल ठोकलेली.